तीन मिनिटांत साडेचारशे शब्द? ऑनलाइन असाइनमेंटमधली वेळ कशी वाचायची

मागच्या आठवड्यात स्टाफरूममधे चहा पिता पिता आमच्यातले एक सर म्हणले, "त्या पोरीनी तीन मिनिटात दीड पान लिहिलंय, सरळ शून्य टाकतो." मी म्हणलं थांबा हो जरा, आधी ती तीन मिनिटं कुठून आली ते तर बघू. कारण आमच्या कॉलेजात ऑनलाइन पेपर घ्यायची मूडल ही सिस्टीम मीच सांभाळतो आणि त्यातले वेळेचे आकडे किती फसवे असतात हे मला चांगलं माहितीय, दोनदा तोंडावर पडून शिकलोय.

विषय असा आहे. पोरगं ऑनलाइन उत्तर लिहितं तेव्हा सिस्टीमला दोन गोष्टी कळतात, किती वेळ लागला आणि किती मजकूर आला. मजकुराला वेळेनी भागलं की मिनिटाला किती शब्द ते निघतं. आता हा आकडा लईच मोठा आला तर मजकूर तिथं बसून टाईप केलेला नाही एवढं कळतं. एवढंच कळतं बरं का. कुणी लिहिला, कुठून आणला, चोरला का घरून लिहून आणला, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. बिबट्याचा ठसा दिसला म्हणजे बिबट्या इथून गेला हे खरं, पण शेळी त्यानीच नेली का हे ठशावरून कसं सांगणार.

आता त्या पोरीचंच उदाहरण घेऊ. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा इतिहासाचा पेपर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर तीन मोठे प्रश्न, मूडलच्या क्विझमधे निबंध प्रकारचे, एका पानावर एक प्रश्न. तिच्या पेपरच्या वर लिहून येतं: Time taken 47 mins 53 secs. तिन्ही उत्तरं मिळून शब्द साधारण 1000. म्हणजे मिनिटाला 21 शब्द. हे बघून कुणालाच काही वाटणार नाही, उलट बऱ्यापैकी लिहिलंय म्हणाल.

पण सरांनी जे बघितलं ते एकेका प्रश्नाच्या खाली होतं. मूडलमधे शिक्षकानी पेपर उघडला की प्रत्येक प्रश्नाखाली Response history म्हणून एक छोटा तक्ता असतो. पोरगं उत्तर लिहून पुढच्या पानावर गेलं की तिथं एक Saved ची ओळ वेळेसकट पडते. तिच्या पेपरात असं होतं:

```
Q1  Started           10:04:12
Q1  Saved             10:28:50
Q2  Saved             10:31:40
Q3  Saved             10:52:02
    Attempt finished  10:52:05
```

(खरं तर प्रत्येक प्रश्नाचा तक्ता वेगळा असतो, मी समजायला सोपं जावं म्हणून एका जागी लावलाय.)

पहिलं उत्तर 310 शब्दांचं, वेळ साडेचोवीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला साधारण साडेबारा शब्द. तिसरं 260 शब्दांचं, वीस मिनिटं आणि थोडे सेकंद, मिनिटाला परत साडेबारा-तेराच. आणि मधलं दुसरं उत्तर 468 शब्दांचं, दोन मिनिटं पन्नास सेकंदात! त्यातही तिनी वर अख्खा प्रश्न जसाच्या तसा कॉपी करून टाकला होता, तो 38 शब्दांचा, तो वजा करायचा कारण तो तिनी लिहिलेला नाहीच, उरले 430. मिनिटाला दीडशेच्या वर. म्हणजे एकूण वेळ बघितली तर सगळं नॉर्मल आणि आत शिरून बघितलं तर एक प्रश्न भलताच वेगळा. म्हणून मी नेहमी म्हणतो की वरची Time taken बघून कुणाला सोडूही नका आणि धरूही नका, एकेका प्रश्नाची वेळ काढा आणि पोराची त्याच पेपरातल्या त्याच्याच बाकीच्या उत्तरांशी तुलना करा. वर्गातल्या दुसऱ्या कुणाशी नाही. कारण काही पोरं दोन अंगठ्यांनी मोबाईलवर असं झपाझप टाईप करतात की आपण बघतच बसावं, आणि काहींना एक "क्ष" शोधायला अर्धा मिनिट लागतो.

आता दीडशे म्हणजे किती जास्त? हे कळायला एखादी मोजपट्टी पाहिजे. आपल्याकडं गावोगावी टायपिंगच्या इन्स्टिट्यूट आहेत, तिथं पोरं सहा-सहा महिने घासून GCC-TBC ची परीक्षा देतात, मराठीला 30 आणि 40 शब्द प्रतिमिनिट अशा दोन परीक्षा असतात. म्हणजे समोर छापील उतारा ठेवून, डोकं न चालवता, नुसतं बघून टाईप करणाऱ्या शिकलेल्या माणसाचा हा वेग. आणि यातही एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहिती नसते. टायपिंगच्या हिशोबात सहसा पाच वेळा बटण दाबलं की एक शब्द धरतात. पण आपले मराठी शब्द कुठं पाच बटणांत बसायलेत? विभक्त्या सगळ्या शब्दालाच चिकटतात. "मराठवाड्यातल्या" हा एकच शब्द घ्या, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याला 15 बटणं लागतात, काना वेगळा, पाय मोडायचा हलंत वेगळा. वर्ड किंवा मूडल मात्र मोकळी जागा बघून शब्द मोजतं, त्याच्या लेखी हा एकच शब्द. म्हणून एका मराठी शब्दाला स्पेस धरून सरासरी सात बटणं धरली तर 30 च्या वेगवाल्याचे मिनिटाला 21-22 च खरे शब्द होतात.

आणि हे झालं नुसतं बघून टाईप करणं. स्वतः विचार करून लिहायचं तर अजून कमी. इंग्रजीत 1999 मधे मोजून बघितलं होतं, बघून टाईप करताना सरासरी मिनिटाला साडेबत्तीस शब्द आणि स्वतः रचून लिहिताना 19. मराठीला हेच आकडे लावायचे नाहीत, पण रचून लिहिणं बघून लिहिण्यापेक्षा बरंच हळू होतं हे तर आपलं आपल्यालाही कळतं, अर्ज लिहायला बसलं की "महोदय" च्या पुढं गाडी जातच नाही. त्यामुळं तिचे साडेबारा-तेरा एकदम बरोबर वाटतात, मोबाईलवर विचार करत लिहिणाऱ्या पोरीचा तेवढाच वेग असणार. आणि दीडशे शब्द बोटांनी होणं शक्य नाही.

एक जपायचं. हा भागाकार लहान उत्तराला लावू नका. 30 शब्दांचं उत्तर 40 सेकंदात आलं तर आकडा 45 येतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो, वाचतानाच मनात तयार झालं असेल नाहीतर सजेशननी शब्द भरले असतील. मी स्वतः दोनशे शब्दांच्या आतल्या उत्तराचा वेग काढतच नाही. आणि शब्दांऐवजी कुणी अक्षरांची किंवा बाइटची संख्या दाखवली तर अजून जपा, "क्षि" हे आपल्याला एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरच्या हिशोबात ती चार चिन्हं आहेत आणि प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका "क्षि" चे बारा बाइट. इंग्रजीच्या सवयीनी बाइट बघितले की मराठीतलं साधं पोरगंसुद्धा सुपरमॅन दिसतं.

बरं, तर मजकूर तिथं टाईप झाला नाही हे नक्की झालं. मग आला कुठून? सरांचं उत्तर तयार होतं, कॉपी. माझ्या अनुभवात मात्र याची चार-पाच कारणं असतात आणि त्यातली बरीचशी निर्दोष असतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नेटवर्क. आमच्याकडं तालुक्याच्या गावात बरं चालतं पण पोरं येतात आजूबाजूच्या खेड्यातून, तांड्यावरून, तिथं गच्चीवर चढलं की एक दांडी, खाली उतरलं की तीही गायब. एकानी अर्धा तास उत्तर लिहिलं, पुढचं पान दाबलं आणि ते फिरतच राहिलं, सगळं गेलं. दुसऱ्यांदा पोरगं शहाणं होतं, आधी सगळं निवडून कॉपी करून ठेवतं, मग परत आत येतं, पेस्ट करतं आणि सबमिट. लॉगमधे दिसतं वीस सेकंद. आणि हे त्यांना शिकवलं कुणी? आपणच! ग्रुपवर आपणच टाकतो ना की "विद्यार्थ्यांनी उत्तर आधी नोट्समधे लिहून ठेवावे". मग तेच केलं की संशय घ्यायचा, हे काही बरोबर नाही.

तसं मूडल क्विझ चालू असताना अधूनमधून आपोआप सेव्ह करत असतं, सेटिंग बदललं नसेल तर दर मिनिटाला. काही जणांना वाटतं की त्यातून मिनिटामिनिटाला उत्तर कसं वाढत गेलं ते बघता येईल. नाही येत. नवीन ऑटोसेव्ह जुन्याच्या जागी बसतं आणि पोरानी पान बदललं किंवा सबमिट केलं की तेही निघून जातं, इतिहासात फक्त पक्की सेव्ह राहते. त्यामुळं पेस्ट झालं का हळूहळू वाढलं हे मूडल क्विझमधून थेट दिसत नाही, आपण फक्त दोन सेव्हमधलं अंतर मोजतोय हे डोक्यात ठेवायचं. गुगल डॉकमधे लिहून घेतलं असतं तर व्हर्जन हिस्टरीत मजकूर कसा कसा आला ते बघता आलं असतं, पण तिथंही वहीत लिहून नंतर बोलून टाकलं तर ढिगानीच येणार.

बोलून टाकणं हे दुसरं कारण. मोबाईलच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठी बोललं की टाईप होतं, आणि माणूस बोलताना मिनिटाला शंभराच्या वर शब्द सहज बोलतो. आमच्याकडं पोरं हे सर्रास वापरायलीत, आणि काही वाईट नाही त्यात. याची खूण मजकुरातच सापडते. विरामचिन्हं जवळपास नसतात, वाक्याला वाक्य चिकटलेलं असतं आणि काही शब्द कानाला सारखे पण भलतेच पडलेले असतात. एकाच्या उत्तरात "रझाकार" च्या जागी चार ठिकाणी "रजा कर" आलं होतं, मी वाचून इतका हसलो. असा मजकूर वेगानी आला तर उलट तो त्या पोराच्याच तोंडचा असण्याची शक्यता वाढते. अर्थात पुस्तक समोर धरून वाचून दाखवलं असलं तर ती गोष्ट वेगळी, मग वाक्यं पुस्तकी येतील.

तिसरं कारण, मोबाईल एक आणि भावंडं तीन. वहीत सगळं उतरवून ठेवायचं आणि मोबाईल हातात आला की भावाकडून टाकून घ्यायचं. आणि चौथं म्हणजे घड्याळच चुकलेलं. एका शिटवर मूडलची वेळ आणि दुसऱ्या शिटवर दुसऱ्या कुठल्या सिस्टीममधून काढलेली वेळ अशी जोडली, आणि त्यातली एक UTC मधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असली तर साडेपाच तासांचा फरक पडतो. कुणी सुरू करायच्या आधीच संपवलं असं दिसायला लागलं की समजायचं, पोरगं नाही घड्याळ बघा.

तर मी त्या पोरीला बोलावलं. "कुठून उचललंस" असं विचारलं की पोरगं एकतर रडतं नाहीतर खोटं बोलतं, म्हणून मी विचारलं, "दुसरं उत्तर कसं लिहिलंस गं, सांग बरं."

म्हणली, "सर ते मी आधीच लिहून ठेवलतं. सतरा सप्टेंबरच्या कार्यक्रमाला भाषण होतं ना माझं, त्याच्यासाठी. तेच टाकलं."

"कुठं लिहिलतं?"

"मोबाईलमधेच की. दाखवू का?"

दाखवलं. नोट्समधे होतं, खाली तारीख सप्टेंबरमधली, पेपर ऑक्टोबरमधे झाला. मी तेवढ्यावर थांबलो नाही, कारण तारीख असली तरी मजकूर दुसऱ्याचा असू शकतो. उत्तरातलंच एक वाक्य काढलं, 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं, एवढ्या लवकर कामून संपलं ते सांग म्हणलं. तिनी सांगितलं, अडखळत का होईना पण स्वतःच्या शब्दात, आणि तिच्या आज्ज्याच्या गावात रझाकारांच्या भीतीनी लोक रात्री शेतात झोपायला जायचे हेही सांगितलं, जे उत्तरात होतंच. विषय संपला. नियमात आधी लिहिलेलं टाकू नये असं कुठंच म्हणलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच पेपरात एका पोराचे तिन्ही उत्तरांचे वेग 14, 13 आणि 14. एकदम सरळ, संशयाला जागाच नाही. पण तपासताना दिसलं की यानी हैदराबाद मुक्त झाल्याची तारीख 17 सप्टेंबर 1947 लिहिलीय. वर्ष चुकलं, चुकू शकतं. पण त्याच्या गावच्या अजून एकाच्या उत्तरात तेच चुकलेलं वर्ष, त्याच वाक्यात, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात तोच एक शब्द गाळलेला. दोघांना एकत्र बसवून विचारलं तर पाच मिनिटांत बाहेर आलं, एकाचा मोबाईल समोर ठेवून दुसऱ्यानी बघून बघून टाईप केलं होतं. हळूहळू टाईप करत होता त्यामुळं वेळ एकदम प्रामाणिक माणसासारखी पडली. म्हणजे ज्या पोरीनी स्वतः लिहिलं ती वेळेत सापडली आणि ज्यानी उतरवलं तो वेळेतून आरामात सुटला. त्याला पकडलं चुकीच्या वर्षानी. वेग बरोबर आहे म्हणून मजकूर त्याचाच असं म्हणणं हे वेग जास्त आहे म्हणून चोरी म्हणण्याइतकंच कच्चं आहे.

आणि खूप जास्त वेळ दिसली तरी भाळू नका. सहा तास चाळीस मिनिटं असं एकाचं दिसलं होतं, क्विझला वेळेची मर्यादा ठेवायची राहिली होती त्यामुळं चाललं. पोरगं पेपर उघडून मोबाईल घरी ठेवून कापूस वेचायला गेलं होतं, संध्याकाळी येऊन लिहिलं. पेपर उघडा होता एवढाच त्या वेळेचा अर्थ. आणि गुगल फॉर्मवर घेत असाल तर हे सगळं विसरा, तिथं Timestamp मधे फक्त सबमिट केल्याची वेळ येते, सुरू कधी केलं ते येतच नाही. पहिल्यानी 10:05 ला पाठवलं म्हणून पाच मिनिटांत लिहिलं, असा हिशोब मी होताना बघितलाय. लिंक जर आदल्या रात्रीच ग्रुपवर पडली असेल तर?

वर्डची फाईल मागवणाऱ्यांचाही एक लाडका आकडा आहे. docx फाईलचं नाव बदलून शेवटी .zip केलं की आत docProps नावाचं फोल्डर दिसतं, त्यातल्या app.xml मधे हे असतं:

```xml
<TotalTime>4</TotalTime>
<Words>1180</Words>
```

TotalTime म्हणजे एडिटिंगची मिनिटं. चार मिनिटांत 1180 शब्द, सापडला चोर! पण दमानं घ्या. एका फाईलमधून सगळं उचलून नव्या कोऱ्या फाईलमधे टाकलं की हा आकडा शून्यापासून परत सुरू होतो. नेट कॅफेवाल्यानी फॉरमॅट नीट करून नवी फाईल सेव्ह करून दिली तर तेच. गुगल डॉकमधे महिनाभर लिहून शेवटी वर्डमधे उतरवलं तरी लिहिण्याची वेळ त्यात येत नाही. आणि उलट, फाईल उघडी ठेवून जेवायला गेलं तरी मिनिटं वाढू शकतात. मोबाईलच्या ॲपमधून आलेल्या फाईलवर तर मी हा आकडा बघतच नाही.

सरांनी शेवटी विचारलं की मग ह्या वेळेचा उपयोग काय. उपयोग एवढाच की 120 पेपरांतून कुणाशी पाच मिनिटं बोलायचं ते ठरवायला. तेही एकट्या वेळेवर नाही, दुसरं काहीतरी जोडीला पाहिजे. म्हणजे भाषा अचानक बदललीय, दुसऱ्याशी चूक सुद्धा जुळतेय, विचारलंय एक आणि उत्तर भलत्याचंच आहे, किंवा वर्गात कधी न घेतलेला शब्द सहज वापरलाय. वेळ आणि अशी एक गोष्ट जुळली की बोलवायचं. नुसती वेळ असली तर मी पेन्सिलनी खूण करतो आणि पुढच्या पेपरला बघतो. त्या पोरीच्या वेळी खरं तर जोडीला काहीच नव्हतं, पण सर शून्य टाकायला निघाले होते म्हणून बोलवावं लागलं.

आता क्विझच्या वर सूचनेत एक ओळ घातलीय, आधी लिहून ठेवलेलं टाकलं तर चालेल, फक्त उत्तराच्या वर "आधी लिहिलेले" असं लिहा आणि कच्चं लिखाण निकाल लागेपर्यंत पुसू नका. आणि माझ्या रजिस्टरमधे त्या पोरीच्या नावापुढं नोंद केली ती अशी: "प्र. 2, दोन सेव्हमधे 2 मि. 50 से., 430 शब्द. बॉक्समधे टाईप केलेले नाही. सप्टेंबरमधील नोंद मोबाईलवर पाहिली, तोंडी विचारले, उत्तर स्वतःचे. गुण नेहमीप्रमाणे." सरांनी त्याच्याखाली सही केली आणि 15 पैकी 11 दिले.